एकाच डोळ्यात चमकणारी वीज

डोळा लाल झाला, चिकटू लागला किंवा खाजू लागला, की माणूस त्याच दिवशी दवाखाना गाठतो. या तिन्ही तक्रारींत बहुतेक वेळा आठवडाभर थेंब घातले तरी भागते. ज्या तक्रारीसाठी खरोखर त्याच दिवशी धावावे लागते, तिच्यात मात्र डोळा दुखत नाही, लाल होत नाही आणि बाहेरून पाहणाऱ्याला काहीही वेगळे दिसत नाही. फक्त त्या माणसाला एका डोळ्याच्या कडेला क्षणभर वीज चमकल्यासारखी वाटते आणि नजरेसमोर कालपर्यंत नसलेले काळे ठिपके तरंगू लागतात. ग्रामीण रुग्णालयांत नेत्रचिकित्सा अधिकारी म्हणून नोकरी करताना मी ही तक्रार बहुधा अशा स्वरात ऐकली, की जणू ती सांगावी की नाही याचाच सांगणाऱ्याला संकोच वाटत होता. चष्म्याचा नंबर काढून झाल्यावर, उठता उठता, ‘अजून एक होतं, पण ते काही विशेष नाही’ असे म्हणून लोक हे सांगत.

सातारा जिल्ह्यातील एका गावचे निवृत्त एसटी कंडक्टर असेच आले होते. वय साठीच्या थोडे पुढे. लहानपणापासून त्यांना वजा साडेपाचचा नंबर होता आणि उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन होऊन तीनेक वर्षे झाली होती. ऑपरेशननंतर त्या डोळ्याची जाड काच गेली, त्यामुळे तो डोळा आता कायमचा नीट झाला असा त्यांचा समज होता. ‘साहेब, डोळ्याम्होरं माशी फिरतीया. नंबर वाढला असंल, बघा जरा,’ असे म्हणत ते खुर्चीवर बसले. मी तक्ता वाचायला सांगितला. उजव्या डोळ्याने त्यांनी शेवटून दुसरी ओळही न अडखळता वाचली, म्हणजे नजर सहा-सहा, पूर्ण. अशा वेळी ‘नंबर ठीक आहे’ म्हणून माणसाला घरी पाठवणे सर्वांत सोपे असते. पण तक्ता वाचताना आपण डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या अगदी मधल्या, इवल्याशा भागाचीच परीक्षा घेत असतो. पडद्याच्या कडेला फट पडली असली तरी तक्ता पूर्ण वाचता येतो, म्हणून या तक्रारीत नजर उत्तम असल्याने कोणताच प्रश्न मिटत नाही.

मग मी त्यांना एकेक डोळा तळहाताने झाकायला लावला. माशी फक्त उजव्या डोळ्यालाच दिसत होती. केव्हापासून, असे विचारल्यावर त्यांनी नेमके उत्तर दिले. आदल्या रात्री गोठ्यातून घराकडे येताना उजव्या बाजूला लख्ख चमकले, म्हणून त्यांनी आभाळाकडे पाहिले, तर चांदणे स्वच्छ. अंथरुणावर पडून अंधारात डोळा फिरवला, की बाहेरच्या कडेला कोयत्याच्या पात्यासारखी उजेडाची वाकडी रेघ पुन्हा उमटत होती. सकाळी एक मोठे, अर्धवट गोल कडे डोळ्यासमोर आले आणि दुपारपर्यंत त्याच्याभोवती मोहरी सांडावी तसे बारीक काळे ठिपके दिसू लागले. वजा नंबर, मोतीबिंदूचे ऑपरेशन, एकच डोळा, अचानक सुरुवात, आधी चमक आणि मग ठिपक्यांचा सडा, हा सगळा क्रम ऐकल्यावर तपासणीच्या खोलीत आणखी वेळ घालवण्यात अर्थ नव्हता.

आत काय घडत होते, ते सांगितल्याशिवाय ही घाई कळणार नाही. डोळ्याची पोकळी विट्रियस नावाच्या पारदर्शक, लिबलिबीत पदार्थाने भरलेली असते. तो सुमारे चार मिलिलिटर असतो आणि त्यात जवळजवळ सगळे पाणीच असते. त्या पाण्याला अतिशय सूक्ष्म तंतूंची जाळी घट्टपणा देते आणि हा गोळा मागे पडद्याला, म्हणजे रेटिनाला, चिकटून असतो. वय वाढते तशी ती जाळी मोडत जाते, आत पाण्याचे खिसे तयार होतात आणि साधारण पन्नाशीनंतर केव्हातरी हा गोळा आकसून पडद्यापासून सुटू लागतो. वजा नंबर मोठा असेल किंवा मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले असेल, तर हे लवकर घडते. हे सुटणे हा आजार नव्हे. केस पिकतात तसे ते वयानुसार घडते आणि पुष्कळांच्या लक्षातही येत नाही. सुटताना जिथे तो अजून धरून असतो, तिथे पडदा ओढला जातो. पडद्याला वेदना कळत नाही. त्याला दाबा, ओढा किंवा हलवा, तो मेंदूला एकच निरोप देऊ शकतो, तो म्हणजे उजेडाचा. अंधारात चमकणारी ती रेघ म्हणजे पडद्यावर पडणारा ओढा असतो. एरवी जिथे दुखले असते, तिथे इथे चमकते.

आणि ते मोठे कडे? विट्रियस डोळ्याच्या मज्जातंतूच्या तोंडाभोवती गोलाकार चिकटलेला असतो. तिथून तो सुटला, की त्या गोलाचा ठसा त्याच्या पाठीवर राहतो आणि तोच पुढे नजरेसमोर तरंगतो. त्या कड्यात स्वतःहून घाबरण्यासारखे काही नाही. मोहरीसारख्या बारीक ठिपक्यांचे मात्र तसे नाही. ते बहुतेकदा रक्ताचे कण असतात. पडदा ओढला जाताना एखादी बारीक रक्तवाहिनी तुटली, की थेंबभर रक्त विट्रियसमध्ये पसरते आणि त्याची सावली पडद्यावर ठिपक्यांच्या रूपात पडते. रक्तवाहिनी तुटली असेल तर तिच्याखालचा पडदाही फाटला असण्याची शक्यता बरीच वाढते.

अशी अचानक तक्रार घेऊन आलेल्या साधारण सहा-सात जणांपैकी एकाच्या पडद्याला फट सापडते. उरलेल्यांत विट्रियस निमूटपणे सुटलेला असतो आणि काही करावे लागत नाही. विट्रियसमध्ये रक्त दिसले, तर फट सापडण्याचे प्रमाण निम्म्याहून वर जाते. ज्याला फट आहे आणि ज्याला नाही, त्या दोघांची तक्रार मात्र शब्दशः सारखी असू शकते. चमक किती तीव्र आहे, किती वेळा दिसते किंवा कोणत्या बाजूला दिसते, यावरून फट आहे की नाही आणि असली तर कुठे आहे, हे ठरत नाही. चमक बहुतेकांना कानाच्या बाजूलाच दिसते, मग फट कुठेही असो. म्हणून ‘आता चमकायचे कमी झाले आहे’ हा दिलासा फसवा ठरतो. फट पडल्यावर ओढ कमी झाली तरीही चमकणे थांबते.

कंडक्टर भाऊंनी सोमवारी जायची तयारी दाखवली, कारण शनिवारी भाचीचे लग्न होते. ते त्यांच्या दृष्टीने वाजवीच होते, डोळा तर चांगला दिसत होता. मी त्यांच्या पत्नीला आत बोलावले. अशा वेळी घरातल्या बाईने ऐकलेले अधिक उपयोगी पडते, हा माझा अनुभव आहे. त्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘लग्नाला मी एकटी गेले तर चालंल, पर ह्यांचा डोळा सोमवारपातुर ऱ्हाईल का?’ राहीलही, किंवा राहणार नाही, असेच उत्तर मला देता आले. ते दोघे त्याच दुपारी पुण्याच्या गाडीत बसले.

पुण्यात रेटिनाच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत बाहुली मोठी करणारे थेंब घातले. अर्ध्या तासाने बाहुली पुरेशी उघडते आणि नंतर चार-सहा तास नजर धूसर राहते, त्यामुळे अशा तपासणीला गाडी चालवत जाऊ नये आणि सोबत कोणीतरी असावे. डॉक्टर आधी सूक्ष्मदर्शकाच्या यंत्राखाली विट्रियसच्या पुढच्या भागात तपकिरी धूळ दिसते का, ते पाहतात. ती धूळ म्हणजे पडद्यामागच्या थराचे रंगकण असतात आणि ते विट्रियसमध्ये आले असतील, तर वाट बहुधा फटीतूनच मिळालेली असते. मग रुग्णाला आडवे झोपवून, डोक्यावर दिवा बांधून आणि हातात भिंग धरून, पडद्याची कड चहूबाजूंनी तपासतात. त्यासाठी पापणीवरून एका बोथट काडीने डोळा किंचित दाबावा लागतो, म्हणजे एरवी नजरेआड राहणारी कड आत येते. हे दाबणे सुखाचे नसते, पण कितीतरी फटी याच कडेला असतात. चष्म्याच्या दुकानात संगणकावर नंबर काढून किंवा बाहुली मोठी न करता मागचा फोटो काढून ही तपासणी होत नाही. रक्त इतके असेल की आतले दिसतच नाही, तर डोळ्याची सोनोग्राफी करतात.

भाऊंच्या उजव्या डोळ्यात वरच्या, कानाकडच्या बाजूला घोड्याच्या नालेच्या आकाराची फट होती. हा आकार वाईट, कारण नालेच्या जिभेला विट्रियस अजून धरून असतो आणि ती ओढत राहतो. जागाही वाईट. भिंतीवर चिकटवलेल्या कागदाचा वरचा कोपरा फाटून त्याच्यामागे पाणी शिरले, की तो स्वतःच्या वजनाने उलगडत खाली येतो, तसेच इथे होते. पातळ झालेले विट्रियसचे पाणी फटीतून पडद्यामागे झिरपते आणि वरच्या बाजूने सुटत आलेला पडदा दोन-चार दिवसांत, कधी काही तासांत, मध्यापर्यंत पोहोचतो. त्यांच्या फटीभोवती पाणी नुकतेच, अगदी थोडे, शिरू लागले होते.

त्याच संध्याकाळी लेसर झाले. डोळा बधिर करणारे थेंब घालून, फटीभोवती लेसरच्या ठिणग्यांच्या दोन-तीन ओळींचे कुंपण घातले जाते. प्रत्येक ठिणगीने पडद्यावर एक बारीक चटका बसतो, तिथे व्रण धरतो आणि त्या व्रणाने पडदा मागच्या थराला चिकटतो. एकूण काम दहा-वीस मिनिटांचे. उजेड फार लखलखीत असतो, मधूनच खोलवर टोचल्यासारखे वाटते, पण भरती व्हावे लागत नाही. व्रण पक्का व्हायला मात्र सुमारे दोन आठवडे लागतात आणि तोवर जड ओझे, धक्के आणि धावपळ टाळायला सांगतात. लेसरने माशी जात नाही. ज्यांना हे आधी सांगितलेले नसते, ते चार दिवसांनी ‘लेसर फुकट गेले’ म्हणून परत येतात. तरंगणारे कडे काही महिन्यांत खाली बसते किंवा मेंदू त्याची दखल घेणे सोडून देतो.

लक्षणे देणाऱ्या अशा नालेच्या आकाराच्या फटींवर काहीच केले नाही, तर जवळजवळ निम्म्या पुढे पडदा सुटण्यापर्यंत जातात. वेळेत लेसर केले, तर शंभरांत पाच जणांपर्यंतही ही वेळ येत नाही. सगळी निकड या दोन आकड्यांमधल्या अंतरात आहे आणि ते अंतर फार थोड्या दिवसांचे असते.

पडदा सुटू लागल्याची खूण वेगळी असते. नजरेच्या एका कडेने काळी किंवा करडी सावली येते आणि ती हळूहळू मध्याकडे सरकते. पडद्यावर चित्र उलटे उमटत असल्यामुळे वरचा पडदा सुटला, की सावली खालून येते, आणि कानाकडचा सुटला, की नाकाच्या बाजूने. भाऊंच्या बाबतीत ती नाकाजवळ खालून आली असती, जिथे नाकाचीच सावली असेल असे मानून माणूस दुर्लक्ष करतो. अशी सावली दिसली, तर ‘त्याच दिवशी’ हेदेखील सैल बोलणे ठरते. निघावे, रात्र असली तरी फोन करून विचारावे.

कारण पुढचा प्रश्न मध्यबिंदूचा असतो, ज्याला मॅक्युला म्हणतात. वाचणे, सुईत दोरा ओवणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे हे सगळे त्या मोहरीपेक्षा फारशा मोठ्या नसलेल्या जागेवर चालते. उजेड टिपणाऱ्या पेशींना प्राणवायू आणि अन्न पडद्यामागच्या रक्तवाहिन्यांच्या थराकडून मिळते. पडदा त्या थरापासून सुटला, की त्या पेशी उपाशी राहतात. मॅक्युला अजून जागेवर असताना शस्त्रक्रिया झाली, तर नजर बहुधा पूर्वीइतकी राहते. मॅक्युला सुटल्यावर झाली, तर पडदा पुन्हा बसवता येतो, पण नजर पूर्ण परत येईलच असे नाही, आणि दिवस जितके जास्त जातील तितकी ती कमी येते. माझ्याकडे आलेल्या एका निवृत्त शिक्षिकेला सावली नजरेच्या मध्यावर आल्यानंतरच आणले गेले होते, कारण घरच्यांना वाटले की मोतीबिंदू पुन्हा वाढला. (काढलेला मोतीबिंदू परत येत नाही, त्यामुळे ऑपरेशन झालेल्या डोळ्याचे अचानक काहीही बिघडले, की कारण दुसरे शोधावे.) त्यांची शस्त्रक्रिया तांत्रिकदृष्ट्या उत्तम झाली. पडदा बसला, सावली गेली, पण त्या डोळ्याला वर्तमानपत्राच्या ओळी मध्येच वाकलेल्या दिसत राहिल्या.

ती शस्त्रक्रिया लेसरसारखी सोपी नसते. विट्रियस काढून डोळ्यात वायू भरतात, किंवा बाहेरून डोळ्याभोवती सिलिकॉनची पट्टी बसवतात, किंवा कधी दोन्ही करतात. वायूचा बुडबुडा फटीवर टेकून राहावा, म्हणून फटीच्या जागेप्रमाणे काही दिवस मान खाली घालून किंवा एका कुशीवर राहावे लागते. बुडबुडा असेतोवर विमानाने जायचे नाही, कारण उंचीवर वायू फुगतो आणि डोळ्यातला दाब धोक्याच्या पातळीला जातो. आमच्या भागात मी यात एक जोड देत असे, की डॉक्टरांना विचारल्याशिवाय महाबळेश्वरलाही चढायचे नाही. पसरणीचा घाट हे काही विमान नव्हे, पण वाईहून वर गेले की सहाशे-सातशे मीटरचा फरक पडतो आणि तेवढा पुरेसा असतो.

शंभर वर्षांपूर्वी ही चर्चाच झाली नसती. पडदा सुटलेल्या माणसाला डोळे बांधून आठवडेच्या आठवडे अंथरुणावर निश्चल ठेवत आणि तो डोळा बहुधा जाई. पडदा सुटण्याचे मूळ त्या लहानशा फटीत आहे आणि फट बंद केली तरच तो बसतो, हे स्वित्झर्लंडमधील लोझान येथील झ्यूल गोनँ यांनी 1920 च्या दशकात दाखवून दिले. ते तापलेल्या टोकाने बाहेरून चटका देऊन फट बंद करत. पुढे 1945 च्या सूर्यग्रहणाकडे उघड्या डोळ्यांनी पाहिलेल्यांच्या पडद्यावरचे चटके जर्मनीतील गेर्ड मायर-श्विकेराथ यांच्या पाहण्यात आले. डोळा न उघडता, उजेडानेच आत चटका देता येईल, हे त्यांना त्यातून सुचले. प्रथम त्यांनी प्रत्यक्ष सूर्यप्रकाश आरशांनी वळवून वापरला, मग झेनॉनचा दिवा आला आणि त्यानंतर लेसर. ज्या उपायासाठी आज बधिर करणारे चार थेंब पुरतात, त्यामागे ग्रहणाने जळलेले डोळे आहेत.

प्रत्येक चमक म्हणजे पडद्याचे दुखणे नव्हे, हेही सांगायला हवे. अर्धशिशीच्या माणसाला नागमोडी, चकाकणाऱ्या रेषा दिसतात, त्या डोळे झाकले तरी राहतात, दोन्ही डोळ्यांना दिसतात आणि वीस-तीस मिनिटांत पसरून विरतात. मागे डोके दुखो वा न दुखो. निळ्या आभाळाकडे पाहताना वर्षानुवर्षे दिसणारे दोन-चार पारदर्शक धागे, जे वाढलेले नाहीत, तेही निरुपद्रवी असतात. मधुमेह्यांची गोष्ट वेगळी, त्यांच्या ठिपक्यांमागे नव्या, कमकुवत रक्तवाहिन्यांतला रक्तस्राव असू शकतो, आणि तपासणीची घाई त्यांनाही तितकीच आहे. एकेक डोळा झाकून पाहणे ही घरच्या घरी करता येणारी एकमेव उपयोगी चाचणी. ती एवढेच सांगते, की तक्रार एका डोळ्याची आहे, आणि तेवढ्यावरच निघायला हवे.

फोनवर काय बोलायचे, हेही महत्त्वाचे ठरते. ‘डोळे दाखवायचे आहेत’ असे म्हटले, तर पुढच्या गुरुवारची वेळ मिळते. ‘कालपासून अचानक, एकाच डोळ्यात, वीज चमकते आणि काळे ठिपके दिसतात, बाहुली मोठी करून पडदा तपासायचा आहे’ असे म्हटले, तर फोन घेणारी मुलगी बहुधा डॉक्टरांना विचारून येते. वजा नंबर, मोतीबिंदूचे ऑपरेशन, डोळ्याला लागलेला मार, घरात कोणाचा पडदा सुटलेला असणे, यांपैकी काही असेल तर तेही त्याच वाक्यात सांगावे. तालुक्याच्या गावी रेटिनाचे डॉक्टर नसतील, तर आधी तिथे चार दिवस थेंब घालून पाहण्यापेक्षा सरळ पुणे, मिरज किंवा कोल्हापूर गाठणे बरे. या तक्रारीवर कोणताही थेंब चालत नाही.

भाऊंचा दुसरा डोळा राहिला होता. एका डोळ्यातला विट्रियस सुटला, की दुसऱ्याचाही बहुधा पुढच्या एक-दोन वर्षांत सुटतो. पुढच्या पावसाळ्यात त्यांच्या डाव्या डोळ्यात चमकले, तेव्हा ते माझ्याकडे न येता परस्पर पुण्याला गेले आणि परतताना निरोप देऊन गेले. डाव्या डोळ्यात फट नव्हती, रक्तही नव्हते, फक्त गोळा सुटत होता. तरी डॉक्टरांनी चार आठवड्यांनी पुन्हा बोलावले होते. ‘काही नाही म्हणालेत, मग पुन्हा कशाला जायचं?’ असे त्यांनी मला विचारले. पहिल्या तपासणीत पडदा चांगला दिसलेल्यांपैकी शंभरांत दोन-तीन जणांना पुढच्या काही आठवड्यांत फट पडते, कारण गोळा अजून पुरता सुटलेला नसतो, असे मी त्यांना सांगितले. ठिपके वाढले, चमक वाढली किंवा सावली दिसली, तर त्या तारखेचीही वाट पाहू नका, हेही सांगितले. त्यांनी तारीख कॅलेंडरवर लिहिली आणि ठरल्या दिवशी ते जाऊन आले.